नांदेडची शाखा

देगलूरहून नांदेड दोन तासांच्या पुढचा रस्ता. निवृत्त विमा एजंट बापूसाहेब पत्तेवारांनी कमलम्मांना सांगितलं होतं की पॉलिसीची तपासणी नांदेडच्याच शाखेत नीट होते. ते खोटं होतं. पॉलिसी कंपनीच्या कुठल्याही शाखेत तपासता येते, आणि देगलूरची शाखा त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर होती. पण त्या शाखेच्या भिंतीवर एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल शाल घेताना त्यांचा फोटो होता.

गोष्ट पाच दिवसांपूर्वी सुरू झाली. कमलम्मांचं बांगड्यांचं दुकान. त्यांना दिल्लीहून फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, मी विमा नियामकाच्या कार्यालयातून बोलतो, तुमच्या मुदत संपलेल्या पॉलिसीवर एक लाख दहा हजारांचा बोनस द्यायचा राहून गेलाय, त्यासाठी आधी फाइल चार्ज भरा. कमलम्मा शहाण्या. पैसे पाठवण्याआधी त्या फोन घेऊन थेट बापूसाहेबांच्या ओसरीवर आल्या, कारण पॉलिसी त्यांनीच काढून दिली होती.

बापूसाहेबांनी स्पीकर लावून ऐकलं. त्या माणसाने पॉलिसी नंबर बिनचूक सांगितला, वारसाचं नाव सांगितलं, आणि मग म्हणाला, "तुमचे एजंट पत्तेवार सर ना? जुन्या माणसांत त्यांचं नाव आहे." निवृत्तीनंतर सहा वर्षांत कुणी त्यांना असं म्हटलं नव्हतं. त्यांच्या काळी पॉलिसी नंबर एजंटच्या डायरीत आणि शाखेच्या रजिस्टरात असायचा, तिसरीकडे नाही. नंबर सांगतोय म्हणजे माणूस कंपनीचा.

"आपलाच माणूस हाय," ते म्हणाले. "पाठवा."

कमलम्मांनी साडेअठरा हजार फाइल चार्ज म्हणून पाठवले. चार दिवसांनी त्याच माणसाने कराचे बेचाळीस हजार मागितले. कमलम्मांनी गहाण टाकायला पाटल्या काढल्या, आणि सोनाराकडे जाता जाता पुन्हा ओसरीवर आल्या. तेव्हा बापूसाहेबांनी पैसे भरायच्या खात्याचं नाव पाहिलं. ते कंपनीचं नव्हतं, एका बाईचं होतं. त्यांनी फोनवर म्हटलं, आम्ही शाखेत येऊन भरतो. पलीकडचा एकदम घाई करू लागला. शाखेत गेलात तर फाइल परत जाईल, म्हणाला. द्यायच्या रकमेतून कंपनीने कर कापून घेतलेला बापूसाहेबांनी पाहिला होता. देण्याआधी पैसे मागितलेले कधीच नाही. हे त्यांना पहिल्या दिवशीही ठाऊक होतं.

कमलम्मांना त्यांनी एवढंच सांगितलं की पाटल्या घरी ठेवा, उद्या नांदेडला जाऊ.

नांदेडच्या काउंटरवर श्रद्धा नावाची तरुण अधिकारी होती. तिने नंबर टाकून पाहिला. मुदत संपली त्याच वर्षी बोनससकट सगळी रक्कम कमलम्मांच्या बँक खात्यात गेली होती. काही शिल्लक नव्हतं. नियामक बोनस वाटत नाही आणि पॉलिसीही विकत नाही, ती म्हणाली. नंबर, वारस, जन्मतारीख ही माहिती बाहेर विकली जाते. ती सांगितली म्हणून माणूस खरा ठरत नाही. पुन्हा असा फोन आला तर तो ठेवायचा आणि पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या नंबरवर आपण स्वतः लावून विचारायचं. फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरवर नाही. नवीन पॉलिसी विकणारा असेल तर त्याचा परवाना नियामकाच्या वेबसाइटवर शोधता येतो.

मग तिने पडद्याकडे पाहत विचारलं, "एजंट बापूसाहेब पत्तेवार. यांना आधी विचारलं नाहीत का?"

कमलम्मांनी पदर सावरला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "म्याच घाई केली."

बापूसाहेबांनी काउंटरच्या काचेवरचा एक ओरखडा बघितला. बाई त्यांच्यासाठी खोटं बोलल्या होत्या, आणि श्रद्धा मान डोलवून पुढच्या कामाला लागली होती. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं.

"मीच पत्तेवार," ते म्हणाले. "विचारलं होतं त्यांनी. मी खरं म्हणून सांगितलं."

श्रद्धाने त्यांना बसायला खुर्ची दिली. तिने खुर्ची दिली नसती तर बरं झालं असतं.

तिथूनच त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पलीकडच्याने व्यवहाराचा क्रमांक घेतला, पैसे कधी पाठवले ते विचारलं. पाच दिवस झाले, बापूसाहेब म्हणाले. खातं गोठवायचा प्रयत्न करतो, तो म्हणाला, पण अशा वेळी लगेच फोन करायचा असतो. पैसे तासा-तासाला पुढच्या खात्यात सरकतात.

परतीच्या एसटीने नायगाव मागे टाकलं. मग कमलम्मांनी विचारलं, "साहेब, देगलूरच्या शाखेत का न्हाई गेलो? कालच झालं असतं."

गर्दी, सर्व्हर, साहेब रजेवर, अशी तीन उत्तरं त्यांच्याजवळ होती.

"तिथं माझा फोटो हाय," ते म्हणाले.

"मग उद्या तिथंच जाऊ," कमलम्मा म्हणाल्या. "फोटोखाली उभं राहून सांगा, कसं फसलो ते. तुमच्या पॉलिसीवाल्या लई बाया हायत गावात."

बापूसाहेबांनी खिशातली जुनी डायरी चाचपली. तिच्यात त्यांच्या पॉलिसीवाल्यांची चारशे बारा नावं होती. त्यांनी हो म्हटलं, पण ते एसटीच्या आवाजात कमलम्मांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.