आखाजीपासून उलटं

जडावबाईच्या सासूबाई दाखूबाई यांच्या वर्षीतपाचं, वर्षभर एकाआड एक केलेल्या उपवासांचं, पारणं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतं. त्याच दिवशी मुलाने, अमरचंदने, काढलेला पालिताण्याच्या तीर्थाच्या डोंगराचा सिनेमा दाखवायचा होता. पायाने अधू मैत्रिणीला, मोहनबाईंना, तो डोंगर दिसावा एवढीच त्यांची इच्छा.

"दोन महिना शेतस, घाई कसानी?" अमरचंद म्हणाला.

"आखाजी थांबणार नाही," म्हणत जडावबाईने नवऱ्यापुढे पंचांग उघडून उलटं मोजलं. मुंबईहून प्रत यायला पंधरा दिवस, वर उशीर झालाच तर आठ मोकळे, त्याआधी सासूबाईंना दाखवून दुरुस्ती, त्याआधी कापणं-जोडणं. म्हणजे रिळं निवडायला आजच बसायचं.

जोडलेला सिनेमा पाहून सासूबाई मुलाला म्हणाल्या, "मन्हं तोंड कमी कर, डोंगर दखाड!" तसं केलं; त्यांचा चेहरा कापून डोंगर वाढवला.

पार्सल सात दिवस उशिरा आलं. उसाच्या रसाने पारणं झालं, पडद्यावर डोंगर उभा राहिला. मोहनबाईंनी बसल्या जागी हात जोडले; जडावबाईने, उरलेल्या त्या एका दिवसालाही.