गुडघ्याच्या गोळ्या

आमच्या वहिनी वीस वर्षं औषधाच्या दुकानात उभ्या आहेत आणि तेवढीच वर्षं गुडघ्याच्या गोळ्यांवर वैतागलेल्या आहेत. मागे शिवणकाम करणाऱ्या एक मावशी गुडघेदुखीवर ग्लुकोसामाइनच्या गोळ्या मागायला आल्या.

"मोठ्या चाचण्यांत ते साखरेच्या गोळीहून फारसं सरस ठरलं नाही," वहिनी म्हणाल्या. "कोलॅजेनच्या गोळ्यांचे अभ्यास बरेचसे विकणाऱ्यांच्याच पैशांतले. हळदीच्या गोळीने थोडा आराम पडतो म्हणतात, पण पुरावा कच्चा. त्यापेक्षा हे करा." खुर्चीत बसून त्यांनी पाय सरळ केला, पाच आकडे मोजेपर्यंत तसाच धरला. "दहा वेळा, रोज."

मावशींनी मान डोलावली आणि समोरच्या दुकानातून त्याच गोळ्यांचा डबा घेतला.

तीन महिन्यांनी त्या ताठ चालत आल्या. "बघा, गोळ्यांचा गुण आला!"

"आणि व्यायाम?"

"तो करते की रोज, गोळी घेतली की लगेच. समोरचं दुकान बंद आहे, तुम्हीच द्या एक डबा."

गोळी सुटली तर व्यायामही सुटणार, हे वहिनींनी ओळखलं. त्यांनी डबा दिला आणि स्वतःचा ठणकणारा गुडघा धरून त्याच खुर्चीत बसल्या. वीस वर्षांत तो व्यायाम त्यांनी फक्त दाखवण्यापुरता केला होता.