निळ्या पट्टीचा रेझ्युमे

बी.एस्सी.चा निकाल लागला आणि मी मैत्रिणीला घेऊन लाखनीच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात धावले. जिथे जागा निघेल तिथे अर्ज टाकायचा, असं आमचं ठरलं होतं. मैत्रिणीने रेझ्युमेसाठी फुकटचा, साधा, एका रकान्याचा टेम्प्लेट घेतला. मला मात्र दोन रकान्यांचा, निळ्या पट्टीचा, गोल फोटोचा विकतचाच हवा होता.

"पैसे कायले देऊन राहिली?" ती म्हणाली. मी कुठली ऐकते. तो डाउनलोड झाला तेव्हा दुकानातल्या सगळ्यांना दाखवला.

मग माहिती भरून एका कंपनीच्या साइटवर चढवला. तिथे रेझ्युमे वाचून अर्ज आपोआप भरला जातो. माझे दोन रकाने एकमेकांत मिसळले आणि शिक्षणाच्या जागी छंदांतलं 'रांगोळी' आलं. मैत्रिणीचं सगळं जागच्या जागी. आम्ही पोट धरून हसलो. तिच्याच टेम्प्लेटमध्ये माझी माहिती भरली आणि संध्याकाळपर्यंत अर्ज टाकत सुटलो.

विकतचा वाया गेला नाही. आईने तो परस्पर मावशीला पाठवला. सगळ्यात पहिला फोन त्यावरच आला: मुलगा वरठीला नोकरीवर आहे, मुलगी कधी दाखवता?