सहाव्या मजल्यावरचे चोवीस अंश

पद्मनाभअण्णा कुठल्याही खोलीत शिरले की आधी छताकडे बघायचे. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. हवा येणाऱ्या जाळीखाली तळहात धरायचे, मग नवरानवरीकडे वळायचे.

चहाच्या ग्लासावर बशी झाकून ठेवायचे आणि चहा विसरायचे.

फोन ठेवताना कन्नडमधलं ‘सरी’ म्हणायचे, म्हणजे ‘बरं’. मराठी माणसालाही.

कुणी उकाड्याची तक्रार केली तर पहिला प्रश्न एकच: “तुम्ही बसता कुठे? खिडकीशी की आत?”

मजला बिघडलाय असं कधी म्हणायचे नाहीत. मजला रुसलाय म्हणायचे.

आणि सोमवारी सकाळी सगळ्यात आधी रविवारचे आकडे उघडायचे.

ही शेवटची सवय भार्गवीला पहिल्या आठवड्यात वेडेपणाची वाटली होती. ती नागपूरहून आलेली. मराठी साहित्यात एम. ए. केलेलं. नोकरी मिळाली ती बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या एका काचेच्या इमारतीच्या तळघरात, देखभालीचे मासिक अहवाल लिहायची. तळघरातल्या त्या खोलीत भिंतभर संगणकाचे पडदे होते. प्रत्येक मजल्याचं तापमान, पंखे, गारव्यासाठी फिरणाऱ्या थंड पाण्याच्या झडपा, सगळं त्यांवर दिसायचं. सगळ्या नोंदी संगणक पाव-पाव तासाने टिपून ठेवायचा. त्या नोंदी वाचून कुठल्या मजल्याचा गारवा बिघडतोय ते शोधणं हे अण्णांचं काम.

अण्णा बंगळुरातल्या जुन्या मराठी घरातले. पिढ्यान्‌पिढ्या इथेच. त्यांच्या मराठीत कन्नड अशी मिसळली होती की त्यांना स्वतःलाच शिवण दिसत नसे.

“रविवारी इथे कुणी नसतं,” भार्गवी म्हणाली होती. “यंत्रं बंद असतात. त्या दिवसाचे आकडे बघून काय मिळणार?”

“म्हणूनच बघायचं. सोमवार ते शुक्रवार मजला यंत्राच्या धाकात असतो ग. रविवारी त्याला कोण विचारतंय? ऊन चढेल तसा तापतो, रात्री स्वल्प उतरतो. जो तापत नाही, उतरत नाही, त्याच्याकडे नीट बघायचं. जिवंत वस्तू स्थिर बसत नाही.”

“हे वाक्य मी अहवालात लिहू?”

“लिही. वेणुगोपाल सर मला नोकरीवरून काढतील, तुला कवी म्हणून ठेवतील.”

युगादीनंतरच्या एका रविवारी अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, उठले नाहीत. भार्गवीला सोमवारी सकाळी कळलं. ती तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांचीच वाट बघत होती. बातमी ऐकून तिने फक्त मान हलवली. दिवसभर काम केलं. काय केलं ते तिला नंतर आठवलं नाही.

मग त्यांची खुर्ची तिला मिळाली. खुर्चीची उंची तिने बदलली नाही. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, तरी.

मे महिना तापला. बंगळूरच्या मानाने फारच. तक्रारी वाढल्या. वेणुगोपाल सर इमारतीच्या मालकांच्या वतीने सगळी देखभाल बघायचे. त्यांनी सांगितलं, गारवा कुठल्या मजल्यांवर बिघडलाय ते नोंदींतून शोध, अहवाल दे. भार्गवीने सोपा रस्ता धरला. दुपारचं तापमान ज्यांचं जास्त ते मजले यादीत वर घेतले. चौथा आणि आठवा निघाले. चौथ्यावर थंड पाण्याची झडप अर्ध्यात अडकली होती. आठव्यावर हवेच्या गाळण्या धुळीने भरल्या होत्या. गिरीराजने दोन्ही दुरुस्त केले. तो बेळगावचा, तंत्रज्ञ.

“मॅडम, बरोबर सापडलं की,” तो म्हणाला. “अण्णांचा हात लागलाय तुमच्या डोक्याला.”

भार्गवी हसली नाही.

सहाव्या मजल्यावरून मात्र रम्याचे फोन थांबत नव्हते. रम्या तिथल्या कंपनीचं कार्यालय सांभाळायची. सकाळी लोक शाली घेऊन बसतात, दुपारी घामाने भिजतात, असं तिचं म्हणणं. भार्गवी प्रत्येक वेळी नोंद उघडून बघायची. सहावा मजला: चोवीस. यंत्राला दिलेलं लक्ष्यही चोवीसच. अख्ख्या इमारतीत इतका शहाणा मजला दुसरा नव्हता.

“आमच्याकडे चोवीस दिसतंय,” तिने रम्याला हिंदीत सांगितलं.

“तो अपने नंबर को बोलो, यहाँ आके बैठे,” रम्या म्हणाली आणि फोन ठेवला.

भार्गवीला ते लागलं. ती लिफ्टने वर गेली. दार उघडताच ऊब अंगावर आली. ती जाळीखाली गेली आणि तिचा हात आपोआप वर झाला. हवा येत होती. गार होती, पण पुरेशी नाही. आजूबाजूच्या लोकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने हात खाली घेतला.

खाली येऊन ती बराच वेळ पडद्यासमोर बसली. अण्णा गेल्यापासून तिने रविवार उघडला नव्हता. एकही. त्या एका रविवारापाशी जावं लागेल, म्हणून. आज तिने उघडला.

पाचव्या मजल्याची रेघ दुपारी चढली होती, रात्री उतरली होती. सातव्याचीही. त्यांच्या मधोमध सहाव्याची रेघ सरळ होती. यंत्र बंद, खिडक्यांवर मे महिन्याचं ऊन, आत चिटपाखरू नाही, आणि चोवीस. आधीच्या रविवारीही चोवीस. त्याच्याही आधी. पाण्याच्या झडपेची रेघही, यंत्र चालू असतानाच्या तासांत, एकाच उंचीवर आडवी पडलेली.



नोंदींच्या तक्त्यात नुसते आकडे येतात. आकडा कुठून आला ते येत नाही. तिने सहाव्या मजल्याच्या यंत्राचं पान उघडलं. तापमानाशेजारी एक बारीकसं चिन्ह होतं, पंजाचं. आकडा तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडून येत नाही, माणसाने हाताने भरून धरून ठेवलाय, असा त्याचा अर्थ. तिने त्यावर टिचकी मारली. धरणाऱ्याचं नाव आलं. पद्मनाभ. तारीख शुक्रवारची. ते गेले त्याच्या आधीच्या शुक्रवारची.

दीड महिना ते तो मजला धरून बसले होते.

यंत्राला वाटत होतं, मजला चोवीसवर आहे, आपलं काम झालं. म्हणून झडप त्या शुक्रवारी जिथे होती तिथेच थांबली. सकाळी ते पाणी जास्त व्हायचं, दुपारी कमी. धोक्याची घंटा वाजली नाही, कारण घंटा त्याच आकड्याकडे बघते.

सहा महिन्यांच्या नोंदी घेऊन वेणुगोपाल सर समोर बसले. त्यांनी पंजाचं चिन्ह पाहिलं, नाव पाहिलं.

“ये तो डेटा छुपाना हुआ,” ते म्हणाले. तक्रारी दिसू नयेत म्हणून अण्णांनी आकडा खोटा भरला, असं त्यांचं म्हणणं. अहवालात तसंच लिहायचं, नावासकट. रम्याच्या कंपनीला उत्तर द्यावं लागेल.

“सर, अण्णा असं करणार नाहीत.”

“मग कोणी केलं? नाव कोणाचं आहे?”

 दाराशी उभा असलेला गिरीराज खाली बघत होता.

सर गेल्यावर तो म्हणाला, “गेलेला माणूस सोयीचा असतो मॅडम. उलटून बोलत नाही.”

“त्यांनीच धरलंय ते, गिरीराज.”

“धरलंय की. का धरलंय ते बघा.”

नोंदींत ती त्या शुक्रवारच्या मागे गेली. त्या आठवड्यात सहाव्या मजल्याची रेघ वेड्यासारखी उडत होती. चोवीस. एकसष्ट. तेवीस. अठ्ठावन्न. इमारतीला आग लागली तरच असे आकडे यावेत. सेन्सर खराब झाला होता, किंवा त्याची तार सैल. आकडा साठाला गेला की यंत्र घाबरायचं, झडप पूर्ण उघडायचं. त्या सगळ्या थंड पाण्याचा गारठा लोकांच्या डोक्यावर.

तिने रम्याला फोन केला. मार्चअखेरीस काय झालं होतं?

रम्याला लगेच आठवलं. बर्फ पडल्यासारखं झालं होतं. एका गरोदर मुलीला घरी पाठवावं लागलं. अण्णा स्वतः वर आले, प्रत्येकाला विचारत फिरले, तुम्ही बसता कुठे? मग म्हणाले, आत्तापुरतं थांबवतो, सोमवारी सेन्सर बदलतो. अर्ध्या तासात गारठा थांबला.

“तुम्ही मला हे सांगितलं नाहीत,” भार्गवी म्हणाली.

“तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही चोवीस चोवीस करत होतात.”

भार्गवीने फोन ठेवला. तोंडातून ‘सरी’ निघालं.

खराब सेन्सर गप्प करायला आकडा हाताने धरणं ही या खोलीतली रोजची रीत. सगळेच करतात. धरला की पाळीवरच्या माणसाला सांगायचं, एवढीच अट. अण्णांनी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी निघायच्या गडबडीत राहिलं असेल. सोमवारी आपण येणारच आहोत, असं वाटलं असेल. कुणाला वाटत नाही?

तिला त्यांना निर्दोष ठरवायचं होतं. तसं लिहिता येत नव्हतं. रम्याची माणसं दीड महिना भाजली होती, हेही खरं. आणि त्यांतल्या दोन आठवड्यांचा उकाडा तिच्या स्वतःच्या फोनवरच्या ‘चोवीस’चा होता.

तिने लिहिलं: सहाव्या मजल्याचा सेन्सर चुकीचे आकडे देत होता. मजला गोठू नये म्हणून पद्मनाभ यांनी तापमान हाताने चोवीसवर धरलं. हे तात्पुरतं होतं. पुढच्या पाळीला कळवलं गेलं नाही. त्यांच्या मृत्यूनंतर कुणी तपासलं नाही. मीही नाही. सोबत आधीच्या आठवड्याची उडणारी रेघ जोडली.

वेणुगोपाल सरांनी ते दोनदा वाचलं. रेघेवर बोट फिरवलं.

“मीही नाही, हे काढून टाक,” ते म्हणाले.

“मग त्यांचं नावही काढावं लागेल सर.”

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग सही केली. ‘डेटा छुपाना’ हा शब्द पुन्हा कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरीराज नवा सेन्सर घेऊन सहाव्या मजल्यावर गेला. तो यंत्राच्या खोलीत शिडीवर होता, भार्गवी खाली पडद्यासमोर. फोन चालू होता. शिडी करकरत होती.

“बसला,” तो म्हणाला. “इथल्या मीटरवर एकोणतीस येतंय. तुमच्याकडे?”

“चोवीस.”

“येणारच. त्यांनी धरलंय अजून. सोडा आता.”

तिने पंजावर टिचकी मारली. पडद्यावर प्रश्न आला: पद्मनाभ यांनी दिलेला आकडा काढायचा का? खाली दोन चौकटी होत्या, हो आणि नाही. तो काढला की इमारतीत त्यांचं नाव कुठेच चालू उरणार नव्हतं.

“मॅडम? माणसं उकडतायत.”

“हो. काढते.”

शुक्रवारी धरलेला आकडा, सोमवारी आल्यावर सोडायचा. अण्णांचं एवढंच काम राहिलं होतं.