कालचाच आकडा

माझे वडील डिंडोलीत राहून तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूम चालवत होते. कापसाच्या धुळीनं छाती धरली, तेव्हा डॉक्टरांनी फुंकायची एक नळी दिली. रोज सकाळी फुंकायचं, काटा जिथे थांबेल तो आकडा लिहायचा. दोनशेच्या खाली गेला तर त्याच दिवशी दवाखाना.

मी तेव्हा पायथॉन शिकत होते. म्हटलं, वही कशाला? घरच्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो आकडा विचारायचा, पूर्णांकात बदलायचा आणि फाइलमध्ये ठेवायचा. ती फाइल मी ऑफिसातून बघायचे.

पहिल्याच दिवशी बाबांनी आकड्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ‘bara she’. बरं आहे म्हणे! त्याचा पूर्णांक कसा होणार? प्रोग्राम लाल अक्षरं फेकून बंद पडला. बाबा घाबरले, “बेटा, मी बिघाडी टाकं का?”

मग मी आकडा बदलायची ओळ try मध्ये घातली, म्हणजे चूक झाली तरी प्रोग्राम बंद पडणार नाही. ValueError आला तर except मधून ‘फक्त आकडा लिहा’ असं छापायचं. सगळ्याभोवती while True, म्हणजे न थांबणारा फेरा. नीट आकडा मिळाला की break, मगच फाइलमध्ये नोंद. नाहीतर विचारतच राहायचं. काय खूश होते मी! बाबा मात्र वैतागायचे, “तुनी हाई मशीन कसाले परत परत इचारस?”

“मग सरळ आकडा लिहा ना!” मी खेकसायचे. माझी जीभ अशीच, झडो मेली.

नंतर फाइलमध्ये रोज तीनशेच्या आसपास आकडे दिसायला लागले. शेवटचे पाच दिवस तर नेमके तीनशे. मला बरं वाटलं. काटा रोज एकाच जागी थांबतो का, एवढासुद्धा प्रश्न मला पडला नाही. त्यातल्या पाचव्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर लॅपटॉप उघडला. प्रोग्रामची काळी खिडकी तशीच होती. शेवटच्या सकाळचं सगळं तिच्यात होतं.

‘dam lagas’. फक्त आकडा लिहा.
‘phukta yet nahi’. फक्त आकडा लिहा.
‘betile saang’. फक्त आकडा लिहा.
‘300’. धन्यवाद, नोंद झाली.

आईला विचारलं. ती म्हणाली, “चार दिवस त्यांना फुंकताच येत नव्हतं गं. कारखान्यात मीटर वाचता आला नाही की कालचाच आकडा चढवतात, तसंच केलं त्यांनी. मला तुला सांगू दिलं नाही. म्हणाले, मी तिथं लिहिलंय, ती बघेल.”

लिहिलं होतंच त्यांनी. पण ते ठेवायची ओळ मी लिहिलीच नव्हती.