भाऊंचं टोकन

जळगावात भाऊ आणि मी, दोघांची सॉफ्टवेअरची कंपनी. सगळ्या गिऱ्हाइकांचा कोड एका होस्टिंग सेवेवर, आणि तिथे शिरायला भाऊंच्या खात्याचं एकच टोकन. अक्षरांची लांबलचक माळ. ती ज्याच्या हाती, तो त्या सेवेसाठी भाऊच. मीही तेच वापरायचे. वेगळं करू म्हटलं, की भाऊ म्हणायचे, "घर एकच, मग किल्ल्या कशाला दोन?" मला राग यायचा.

त्या दुपारी भाऊ धुळ्याच्या कापूस-जिनिंगवाल्या गिऱ्हाइकाकडे होते. तिथेच त्यांनी काम केलं, कमिटं केली, म्हणजे बदल टप्प्याटप्प्याने नोंदले, आणि बस गाठायची म्हणून अख्खं फोल्डर झिप करून मला पाठवलं. "तू पुश करी दे," म्हणाले, म्हणजे सेवेवर चढव.

मी पुश केलं. सेवेने नाकारलं. कमिटमध्ये अॅक्सेस टोकन सापडलंय, असा निरोप. खाली कमिट, फाइल, ओळ आणि तरीही पुढे जाऊ द्यायची एक लिंक. भाऊंनी आपलं टोकन स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवलं होतं.

ओळ पुसली, नवं कमिट केलं, पुश केलं. पुन्हा नकार. साहजिकच होतं, जुन्या कमिटात टोकन तसंच होतं. मी फोन लावला.

"तिथे परवानगी द्यायची लिंक शे ना? दे दाबून."

"नाही दाबणार, भाऊ."

मग रीबेस करून, म्हणजे जुन्या नोंदी उलगडत, त्या कमिटपर्यंत मागे गेले, टोकन काढलं, ते कमिट नव्याने केलं आणि पुढची कमिटं त्यावर पुन्हा रचली. कमिटांच्या सगळ्या इतिहासात शोधून पाहिलं, कुठेच नव्हतं. या वेळी पुश गेलं. पण हायसं वाटेना. टोकन त्या झिपमध्येही होतंच.

मी परत फोन केला. बस एरंडोलच्या आसपास होती. "भाऊ, ती झिप फक्त मलाच पाठवली ना?"

"जिनिंगवाल्यांच्या ग्रुपवर बी टाकी दिधी. काम दिसायला पाहिजे ना लोकांना."

म्हणजे मी इतका वेळ साप गेल्यावर भुई धोपटत होते. माझं कमिट स्वच्छ होतं आणि टोकन ग्रुपभर पसरलं होतं. मी म्हटलं, ते आत्ताच्या आत्ता रद्द करा, तुमच्या खात्यातूनच होईल, मोबाइलवरून करा.

"बठ्ठं बंद पडी जाई. घरी येऊन बघतो."

सगळी कामं थांबतील हे खरंच होतं, तरी मी हट्टाने फोन धरून ठेवला. बोलता बोलता सेवेचं पान ताजं केलं. साक्रीच्या गिऱ्हाइकाच्या प्रोजेक्टमध्ये नुकताच एक पुश झाला होता. करणाऱ्याच्या जागी भाऊंचं नाव. मी तर तिथे काहीच टाकलं नव्हतं.

"भाऊ, साक्रीच्या कामात आत्ता काही टाकलंत का?"

"मी? मना लॅपटॉप बॅगमा शे."