क शून्य निघतो

लातूरला भरतीच्या क्लासमध्ये मी बुद्धिमत्ता शिकवते. घर नांदेडला, रविवारी जाऊन यायचं, एवढंच. तिसऱ्या बॅचला उभं राहीपर्यंत घसा बसलेला असतो. खडू हातात असतो म्हणून हात चालतो.

त्या बॅचला देवणीची एक बाई यायची. लग्न झालेली, भरतीची वयोमर्यादा संपत आलेली. मुलंमुली तिला काकू म्हणत. अंकांऐवजी अक्षरं असलेल्या बेरजा तिला जमत नसत. एकेक अंक घालून बघत बसायची. एकदा बॅच सुटल्यावर वर्गात झालेलीच एक बेरीज मी तिच्यासाठी पुन्हा फळ्यावर मांडली: कख अधिक खक बरोबर गकग.

"अंक घालू नका. दोन अंकी दोन संख्यांची बेरीज दोनशेच्या आतच राहते. मग ग किती?"

"एक."

"एकक स्थानी ख आणि क मिळून शेवटी एक येतो. दोघांची बेरीज एक असेल?"

"न्हाई. मग एक जण शून्य होतो. पहिलं अक्षर शून्य चालत न्हाई. म्हंजी अकरा. हातचा एक."

"आता दशक."

"अकरा आन् हातचा, बारा. क दोन. मग ख नऊ." तिनं एकोणतीस अधिक ब्याण्णव करून पाहिलं. एकशे एकवीस आले. "लई सोपं हाय की हो, मॅडम!"

पुढच्या चाचणीत तीच बेरीज देऊन विचारलं होतं: क अधिक ख किती? टाइप करताना गकगमधला शेवटचा ग चुकून ख झाला होता. बहुतेकांनी न वाचताच अकरावर खूण केली. ती मात्र अर्धा पेपर कोरा ठेवून आली. डोळे लाल झालेले.

"मॅडम, ख मध्ये क मिळवून शेवटी परत ख येतो. म्हंजी क शून्य. पन क तर पहिलं अक्षर हाय. मलाच कळंना झालं म्हून परत परत करत बसले."

मी पेपर पाहिला. "तुमचं बरोबर आहे. याला उत्तरच नाही."

"मंग मी रडत बसले कशाला?" ती म्हणाली, आणि पुन्हा रडली.

क्लासच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "सगळ्यांनी अकराच लिहिलंय, मॅडम. राहू द्या." मी हटले नाही. शेवटी सगळ्यांना एकेक गुण मिळाला. तिचा नंबर खालीच राहिला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर चूक समजावली, तर मागून एवढंच आलं, "मॅडम, मार्क तर कापणार न्हाईत ना?"

खऱ्या परीक्षेत ती थोडक्यात राहिली. वयही संपलं. आता देवणीत शिष्यवृत्तीच्या पोरांना शिकवते. परवा तिचा फोन आला, पोरं हातचा विसरतात म्हणून. मी नांदेडच्या बसमध्ये होते, उभीच. तिला म्हटलं, "हातचा वर मोठा लिहायला लावा." अहमदपूर गेल्यावर बसायला जागा मिळाली.